पाहुण्यांसमोर मूल लपते तेव्हा: नमस्कार आधी, बोलणे नंतर

प्रश्न: माझी मुलगी दुसरीत आहे. घरात दिवसभर तिची बडबड चालू असते, पण पाहुणे आले की ती माझ्या मागे लपते आणि नाव विचारले तरी तोंड उघडत नाही. शेवटी मीच उत्तर देते. सासूबाई म्हणतात, मुलीला वळण लावले नाही. महिनाभराने आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती आहे आणि पुष्कळ लोक येतील. तिला लोकांशी नीट बोलायला कसे शिकवावे?

उत्तर: पाहुण्यांनी प्रश्न विचारल्यानंतरच्या चार-पाच सेकंदांत काय घडते, हे आधी नीट पाहावे लागेल, कारण या सवयीचे मूळ तेथे असते. काकू विचारतात, "नाव काय गं तुझं?" मुलगी गप्प राहते. शांतता सगळ्यांनाच अवघड वाटते, म्हणून आई नाव सांगून टाकते. त्या क्षणी मुलीच्या मनावरचा ताण उतरतो, आईचा उतरतो आणि काकूही दुसऱ्या विषयाकडे वळतात. असे पुष्कळदा घडले की मूल एक गोष्ट पक्की शिकते: लपून गप्प राहिले की प्रश्न आपोआप टळतो. यात तिचा हट्ट नसतो आणि तुमच्या संस्कारांची कमतरताही नसते. ज्या कृतीने भीती लगेच कमी होते ती कृती मूल पुन्हा पुन्हा करते, एवढेच.

काही मुले अनोळखी माणसासमोर इतरांपेक्षा अधिक थबकतात, हेही खरे आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी अशा मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि हा स्वभाव काही अंशी जन्मजात असतो असे दाखवले. त्याच अभ्यासातून हेही दिसले की अशी अनेक मुले मोठी होताना तितकी भित्री राहत नाहीत. त्यामुळे तिचा स्वभाव बदलण्याच्या मागे लागू नका. ती कदाचित पुढेही मोजकेच बोलेल. तिने आल्या माणसाची दखल घ्यावी आणि साध्या प्रश्नाला ऐकू येईल असे उत्तर द्यावे, एवढेच आपल्याला हवे आहे आणि ते शिकवता येते.

शिकवताना मी नमस्कार आणि बोलणे या दोन गोष्टी वेगळ्या करते. आपण नेमकी येथेच गल्लत करतो. पाहुणे येतात तो क्षण मुलासाठी सर्वांत गोंधळाचा असतो. बेल वाजते, दार उघडते, चपला काढल्या जातात, चार जण एकाच वेळी बोलू लागतात, कुणी गाल ओढते, आणि त्याच गडबडीत "ओळखलंस का मला?" असा प्रश्न येतो. सावकाश खुलणाऱ्या मुलाकडून याच क्षणी संभाषणाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. दारात फक्त नमस्कार व्हावा आणि प्रश्नोत्तरे दहा-पंधरा मिनिटांनी, सगळे बसून चहा घेऊ लागल्यावर व्हावीत. नमस्कारासाठी शब्द लागत नाहीत. हात जोडून समोरच्याकडे क्षणभर पाहिले की तो पूर्ण होतो, आणि ज्या मुलाच्या घशातून आवाज निघत नाही त्यालाही तो जमतो.

वाकून नमस्कार करायचा की हात जोडून, हे घरात आधीच ठरवा आणि सासूबाईंनाही त्या ठरवण्यात सामील करून घ्या. माझ्या मते घरच्या वडीलधाऱ्यांना सणाच्या दिवशी वाकून आणि बाकी सर्वांना हात जोडून, एवढा सोपा नियम पुरतो. ऐन वेळी "अगं, वाकून कर, असा काय नमस्कार!" असे म्हटले तर तिने धीर करून केलेली कृतीही चुकीची ठरते आणि पुढच्या वेळी ती हातही जोडत नाही. पाहुण्यांच्या मांडीवर बसणे, पापा देणे किंवा मिठी मारणे यांसाठी मात्र तिला कधीही भाग पाडू नका. कुणी आग्रह केला तर "ती नमस्कार करते हं" असे हसून तुम्हीच सांगा. आपल्याला कुणी ओढणार नाही याची खात्री असलेले मूल पाहुण्यांच्या पुढे यायला लवकर तयार होते.

आता बोलण्याकडे येऊ. पहिला आठवडा पाहुण्यांशिवाय, घरातच सराव करा आणि तो खेळातून करा. भूमिका उलट करा: ती पाहुणी होईल, बाहेर जाऊन बेल वाजवेल, आणि तुम्ही दुसरीतली मुलगी व्हाल. पाहुणी झालेले मूल हमखास मोठ्या आवाजात प्रश्न विचारते, कारण त्या भूमिकेत अधिकार त्याच्याकडे असतो. तुम्ही एकदा लपून दाखवा, एकदा पुटपुटत उत्तर द्या, एकदा नीट द्या, आणि पाहुणीला कसे वाटले ते विचारा. पुटपुटलेले ऐकू येत नाही, हे ती स्वतःच सांगेल. मग भूमिका बदला. रोज पाच-सात मिनिटे पुरेत. ती कंटाळण्याआधी खेळ थांबवा.

या खेळात कोणते प्रश्न घ्यायचे याचा थोडा विचार करावा लागतो. नाव, इयत्ता आणि शाळा हे तीन प्रश्न जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो, म्हणून त्यांची उत्तरे छोट्या पण पूर्ण वाक्यात सहज येऊ द्या: "मी दुसरीत आहे." मात्र नाव, शाळा, तुकडी, पत्ता असे सगळे एका दमात म्हणायला शिकवू नका. तसे पाठांतर मध्येच तुटले की मूल पूर्ण अडकते. माझ्या अनुभवात मुले सर्वाधिक अडतात ती ज्यांचे उत्तर त्यांच्याकडे नसते अशा प्रश्नांवर. "ओळखलंस का मला?" याचे खरे उत्तर बहुतेक वेळा "नाही" असते, पण तसे म्हणणे उद्धटपणाचे ठरेल असे मुलाला वाटते आणि ते गप्प बसते. त्यासाठी "नाही आठवत, तुम्ही सांगा ना" हे वाक्य हाताशी द्या. "मोठेपणी कोण होणार?" यासाठी "अजून ठरवलं नाही" हे सभ्य उत्तर आहे. "आई जास्त आवडते की बाबा?" हा प्रश्न मुलाला विचारूच नये, पण लोक विचारतात, तेव्हा "दोघंही" एवढे पुरे. आणि "गाणं म्हणून दाखव" या फर्माईशीला "आत्ता नको" असे म्हणण्याची तिला मुभा आहे हे तिला स्पष्ट सांगा. नकार सभ्यपणे देता येतो हे कळले की लपण्याची गरज बरीच कमी होते.

दुसऱ्या आठवड्यात एक खरा माणूस बोलवा. तिला माहीत असलेली, पण जिच्याशी ती फारशी बोलत नाही अशी शेजारची एखादी काकू उत्तम. काकूंना आधी समजावून सांगा की दारात तिच्याकडे रोखून पाहू नका, तिने हात जोडले की तुम्हीही जोडा आणि सरळ माझ्याशी बोलायला लागा. मुलीलाही तासभर आधी सांगा: कोण येणार आहे, किती वेळ बसणार आहे, आणि तिने काय करायचे आहे. करायचे काम एकच असावे: नमस्कार करायचा आणि पाण्याचा ग्लास नेऊन द्यायचा. हातात वस्तू असली की मुलाला उभे कुठे राहायचे, पाहायचे कुठे, हातांचे काय करायचे हे सगळे प्रश्न सुटतात. पाणी दिल्यावर तिला तुमच्या शेजारी बसवा. मागे उभी राहू देऊ नका आणि पुढेही ढकलू नका. तुमचा हात तिच्या पाठीवर असू द्या. शेजारी बसलेल्या मुलाला आधार मिळतो, आणि समोरच्याला त्याचा चेहराही दिसतो.

दहा मिनिटांनी काकूंनी प्रश्न विचारावा, आणि तो कसा असावा हे महत्त्वाचे आहे. "शाळा आवडते का?" या प्रश्नाला मान हलवून काम भागते, म्हणून आवाज निघत नाही. "शाळेत काय काय करतेस?" हा प्रश्न फार मोकळा आहे, कोठून सुरुवात करावी हेच मुलाला कळत नाही. मधला मार्ग म्हणजे दोन पर्यायांचा प्रश्न: "शाळेत रिक्षानं जातेस की बसनं?" याचे उत्तर एका शब्दाचे आहे, तो शब्द प्रश्नातच आहे, आणि तो उच्चारल्याशिवाय उत्तर होत नाही. बोलायला घाबरणाऱ्या मुलांबरोबर काम करणारे तज्ज्ञ हेच तंत्र वापरतात.

यानंतरचा भाग तुमचा आहे आणि तोच सर्वांत कठीण आहे. प्रश्न विचारला गेला की मनातल्या मनात सावकाश पाचपर्यंत मोजा आणि तोवर काहीही बोलू नका. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गातील संवादांचा अभ्यास करून दाखवले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि हे थांबणे तीन सेकंदांवर नेले की अधिक मुले बोलू लागतात व उत्तरेही लांबतात. अनुभवी शिक्षकांना जे अवघड जाते ते पाहुण्यांसमोर संकोचलेल्या आईला अवघड जाणारच. पण ते पाच सेकंद तुम्ही सोसले नाहीत, तर बाकीच्या सरावाचा फारसा उपयोग होणार नाही.

पाच सेकंदांत उत्तर आले नाही तर प्रश्न तुम्ही पुन्हा, शांतपणे, पर्यायांसह विचारा आणि पुन्हा थांबा. तरीही नाही आले तर "थोड्या वेळाने सांगेल ती" असे म्हणून विषय बदला, पण उत्तर स्वतः देऊ नका. या दोन्हींत मोठा फरक आहे: उत्तर दिले की प्रश्न संपतो, आणि "थोड्या वेळाने" म्हटले की तो तिच्याकडेच राहतो. निघण्याआधी काकूंनी तो सहज पुन्हा विचारावा. ती तुमच्या कानात कुजबुजली तर ती निम्मी वाट चालून आली आहे असे समजा. "बरोबर, आता काकूंना सांग" असे म्हणा. नाहीच म्हणाली तर त्या वेळी तेवढ्यावर थांबा, परंतु कानातले उत्तर मोठ्याने जाहीर करणारी दुभाषी तुम्ही कायमची होऊ नका.

मी पाहिलेल्या एका तिसरीतल्या मुलाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तो पाहुणे आले की पलंगाखाली जात असे. आईवडिलांनी आधी चॉकलेटचे आमिष दाखवले होते, नंतर रागावून पाहिले होते, आणि मामेभावाशी तुलना तर रोजची होती. आम्ही या सगळ्या गोष्टी थांबवल्या आणि त्याला सुरुवातीला फक्त दाराची कडी काढण्याचे काम दिले. कडी काढून तो आत पळाला तरी चालेल, असे ठरले. काही भेटींनंतर तो दारातच उभा राहू लागला, कारण कोण आले हे पाहण्याची त्याला उत्सुकता होती. मग कडीला नमस्कार जोडला, नमस्काराला पाण्याचा ग्लास जोडला, आणि एका संध्याकाळी वडिलांच्या मित्राने "क्रिकेट की फुटबॉल?" असे विचारल्यावर वडील आमच्या ठरल्याप्रमाणे गप्प राहिले. बऱ्याच वेळाने "क्रिकेट" असा शब्द आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी फक्त "मलाही" असे म्हटले, आणि पुढचे वाक्य मुलानेच उच्चारले: "तुम्ही बॉलिंग करता का?" पुढच्याच आठवड्यात दोन अनोळखी माणसे आल्यावर तो पुन्हा आत पळाला. तेव्हा आम्ही केवळ एक पायरी मागे आलो, कडी आणि नमस्कारावर.

कौतुक कसे करावे हेही या उदाहरणातून दिसते. लाजऱ्या मुलासाठी सर्वांसमोर "वा, बोलली बाई एकदाची!" हे कौतुक नसून आणखी एक प्रकाशझोत असतो. पाहुणे गेल्यावर, दोघीच असताना, नेमके काय जमले ते सांगा: "काकूंनी विचारल्यावर तू बसनं जाते म्हणालीस, त्यांना अगदी नीट ऐकू गेलं." ती समोर असताना "आमची फार लाजाळू आहे हो" हे वाक्य घरातील कुणीही उच्चारू नये. त्याऐवजी "तिला जरा वेळ लागतो, मग बोलते" असे म्हणा. पहिल्या वाक्याने तिच्यावर शिक्का बसतो, आणि दुसऱ्यातून पाहुण्यांना थांबायचे कसे ते कळते. सासूबाईंनाही हेच वाक्य सांगायची विनंती करा. ज्यांना वळणाची काळजी वाटते त्यांना वळण लावण्याचे काम दिले की त्या सहसा मनापासून करतात.

तिसऱ्या आठवड्यात दोन माणसे एकत्र येऊ द्या, किंवा ज्यांना काही समजावून सांगितलेले नाही असे एखादे नातेवाईक. मग गणपती येतील. एका बाबतीत तुमचे घर भाग्यवान आहे, कारण या दिवसांत मुलाला बोलण्यासाठी ठरलेले शब्द, ठरलेली वस्तू आणि ठरलेली जागा असे तिन्ही मिळते. एकटी न बोलणारी मुले आरतीत मात्र जोरात गातात असे मी अनेक घरांत पाहिले आहे. सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळलेला असतो, हातात टाळ असतात आणि कुणी आपल्याकडेच पाहत नसते. याचा उपयोग करून घ्या: आरती संपताच, आवाज मोकळा झालेला असतानाच, खिरापतीची वाटी किंवा पेढ्यांचे ताट तिच्या हाती द्या आणि "प्रसाद घ्या" एवढे दोन शब्द सांगा. सुरुवात घरच्यांपासून होऊ द्या, नंतर ओळखीचे, नंतर बाकीचे. पहिल्या दिवशी शब्द निघाले नाहीत, नुसते ताट पुढे केले, तरी ते चालेल.

संध्याकाळच्या मोठ्या गर्दीपेक्षा सकाळी किंवा दुपारी येणारे एक-दोन पाहुणे शिकण्यासाठी अधिक चांगले असतात. गर्दीत तिच्याकडे पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ काम ठेवू नका आणि नंतर तिला आतल्या खोलीत जाण्याची मुभा द्या. फक्त पळून न जाता "आई, मी आत जाते" असे सांगून जायला शिकवा. सांगून जाणे हा शिष्टाचार आहे, आणि जाता येते हे माहीत असलेले मूल जास्त वेळ टिकते.

प्रगती मोजताना ती किती बोलली याकडेच पाहू नका. ती कुठे उभी राहते, पहिला शब्द यायला किती वेळ लागतो आणि बोलताना कुणाकडे पाहते, या तीन गोष्टी आधी बदलतात. मागे उभी राहणारी मुलगी शेजारी बसू लागली आणि अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांत खुलू लागली, तर काम नीट चालले आहे. झोप कमी झाली, ताप येऊन गेला किंवा एकदम खूप माणसे आली तर ती काही दिवस मागे जाईल. तेव्हा मागच्या पायरीवर परत येऊन तेथून सुरुवात करा.

काही लक्षणे दिसली तर मात्र हा घरगुती उपाय पुरेसा नाही. शाळा सुरू होऊन महिन्याहून अधिक काळ लोटला तरी ती वर्गात बाईंशी किंवा मुलांशी अजिबात बोलत नसेल, तर बाल मानसतज्ज्ञांना दाखवा. घरी बोलणारे मूल ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही, या स्थितीला निवडक मूकता म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत तिची गणना चिंताविकारांमध्ये केली आहे, आणि तिच्यावर उपचार आहेत. बाईंना एकदा प्रत्यक्ष भेटून विचारा, कारण शाळेतली शांत मुलगी त्रास देत नाही म्हणून तिच्याबद्दल कुणी घरी कळवत नाही. ती वारंवार "काय?" असे विचारत असेल किंवा कान दुखण्याचा त्रास पूर्वी होऊन गेला असेल तर श्रवणचाचणी करून घ्या. बोलताना अडखळत असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. आणि इतरांशी बोलणारी मुलगी एखाद्या विशिष्ट माणसापासूनच लपू लागली, तर तेथे नमस्काराचा आग्रह ताबडतोब सोडा, तिला त्या माणसाबरोबर एकटी ठेवू नका आणि कारण शांतपणे समजून घ्या. तेथे शिष्टाचाराचा प्रश्न दुय्यम आहे.

एका महिन्यात काय अपेक्षा ठेवावी हेही सांगते. गणपतीपर्यंत बहुतेक पाहुण्यांना नमस्कार आणि ओळखीच्या एक-दोघांना एका वाक्याचे उत्तर, एवढे झाले तर ते पुरेसे आहे. त्यानंतर काही आठवड्यांनी दसरा येईल. तेव्हा आपट्याची पाने घेऊन तिला तुमच्याबरोबर मजल्यावरच्या दोन-तीन घरी न्या. या वेळी दार दुसऱ्याचे असेल आणि बेल ती वाजवेल, म्हणून ही पायरी थोडी वरची आहे. जानेवारीत संक्रांतीला "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे वाक्य तयारच असते, आणि तेव्हा तुम्ही जिन्यात उभ्या राहून तिला शेजारच्या दारापर्यंत एकटीला पाठवून पाहू शकता.